वाटी भरेपर्यंत

पिपरी मेघेतला तो फ्लॅट जागृती वाहाणेनं पाहिला तेव्हा एप्रिल संपत आला होता. दुसरा मजला, दोन खोल्या, हॉल, स्वयंपाकघर आणि मागच्या खोलीला लागून एक छोटी गॅलरी. जागृती भूकरमापक. मोजणीचं काम करून करून तिला सवयच लागली होती, की कुठेही गेली तरी आधी टेप काढायची. हॉल चौदा बाय अकरा. मागची खोली दहा बाय साडेदहा. भिंती सरळ, फरशी सपाट, छताला कुठे ओल नाही. तीन वर्षं रिकाम्या पडलेल्या घरात एकही दोष सापडत नव्हता, हेच तिला जरा खटकलं.

पण ती फार खोलात शिरली नाही. आर्वीहून वर्ध्याला बदली झाल्यापासून तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, रत्नदीपनं, चार घरं पाहिली होती. चारही ठिकाणी चहा मिळाला, खोल्या दाखवल्या गेल्या आणि मग कोणीतरी सहज विचारल्यासारखं विचारलं, "पूर्ण नाव काय म्हणालात?" आडनाव ऐकल्यावर दुसऱ्या दिवशी फोन येई, की घर भाच्याला द्यायचं ठरलं. चार घरं, चार भाचे.

इथले घरमालक मधुकरराव, धान्याचे व्यापारी. ते आणि त्यांची बायको शोभाबाई खालच्याच मजल्यावर राहायचे. मधुकररावांनी नाव विचारलंच नाही. किल्ली हातावर ठेवून म्हणाले, "राहून पाहा."

"पाहा म्हणजे?" रत्नदीपनं विचारलं. तो आंजीच्या शाळेत विज्ञान शिकवायचा आणि अर्धवट वाक्य त्याला चालत नसे.

मधुकररावांनी चष्मा पुसला. उत्तर शोभाबाईंनी दिलं, तेही जागृतीकडे न पाहता. "पाणी उघडं नका ठेवत जाऊ. झाकून ठेवजा."

धूळ पडत असेल, असं जागृतीला वाटलं.

साफसफाईच्या पहिल्या दिवशी तिनं पोछ्याची बादली मागच्या खोलीत तशीच भरलेली सोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी बादली कोरडी होती. तळाशी ओलाव्याचा डागसुद्धा नव्हता. बादली फुटकी असेल, म्हणून तिनं ती उन्हात धरून पाहिली. धड होती. वर्ध्याचं ऊन, पारा पंचेचाळीसवर, पाणी उडायचंच. पण किती उडावं, याला काही हिशेब असतो. तिनं तीन बादल्या भरल्या, मार्करनं पाण्याच्या पातळीच्या खुणा केल्या, एक स्वयंपाकघरात, एक हॉलमध्ये, एक मागच्या खोलीत ठेवली आणि घराला कुलूप लावून ऑफिसला गेली.

संध्याकाळी स्वयंपाकघरातली बादली खुणेपासून बोटभर उतरली होती. हॉलमधली अर्धी झाली होती. मागच्या खोलीतली रिकामी. त्या बादलीच्या कडेवर मात्र, आतल्या बाजूला, चार ओल्या रेषा होत्या. बोटांनी कड धरल्यासारख्या. ती बघत असतानाच त्या वाळून गेल्या.

रत्नदीपला तिनं फक्त बादल्यांचे आकडे सांगितले. रेषांचं सांगितलं नाही.

"गळती," तो म्हणाला. "नाहीतर कोणाकडे दुसरी किल्ली आहे. आपण भूतखेत मानत नाही, जागृती."

"मी कुठं म्हटलं मानते म्हणून?"

कुलूप बदललं. पाणी उतरायचं ते उतरतच राहिलं.

रोहण्याहून सासूबाई आल्या, कांताबाई. वय सत्तरीच्या पुढे, पाठ ताठ, उभा जन्म दुसऱ्याच्या शेतात निंदणखुरपण केलेलं. अक्षरओळख म्हातारपणी झाली, पण बुद्धवंदनेतली सगळी सुत्तं तोंडपाठ. त्या घरभर फिरल्या, मागच्या खोलीच्या उंबऱ्यात जरा थांबल्या आणि परत येऊन म्हणाल्या, "गृहप्रवेश कराचा. चांगला, पुरा परित्राणपाठ ठेवाचा."

"आई, भाड्याचं घर आहे," रत्नदीप म्हणाला. "भाड्याच्या घराला कोण एवढं करते?"

"काऊन? भाड्याच्या घरात झोप येत नाई का? ज्या घरानं आपल्याले आत घेतलं, त्याचे उपकार मानाचे. सातबारा कोनाचा का असेना."

तारीख ठरली रविवारची, सकाळी नऊची. मधुकररावांना सांगायला जागृती खाली गेली. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग पहिल्यांदा मोकळं बोलले. याआधीचे तीन भाडेकरू टिकले नव्हते. एकानं वास्तुशांती केली, एकानं सत्यनारायण घातला, सगळं रीतीप्रमाणे. दोन्ही वेळा कलशातलं पाणी पूजा चालू असतानाच आटलं, लोक घाबरले आणि ताटं तशीच ठेवून उठले.

"तुमी करा," ते म्हणाले. "पन मधूनच उठून जाऊ नका म्हंजे झालं. ते लय वाईट वाटते." कोणाला वाईट वाटतं, ते त्यांनी सांगितलं नाही.

रविवारी सकाळी घर पांढरंशुभ्र झालं. आलेली माणसं पांढऱ्या कपड्यात. हॉलमध्ये पूर्वेच्या भिंतीला टेबल, त्यावर पांढरी चादर, मधोमध बुद्धमूर्ती, बाजूला बाबासाहेबांची तसबीर. मोगऱ्याची, झेंडूची फुलं, मेणबत्त्या, अगरबत्त्या. टेबलापुढे मातीचं नवं मडकं काठोकाठ भरलेलं आणि त्यात पिंपळाची डहाळी. विधी चालवायला बौद्धाचार्य गुलाबराव आले होते. पोस्टातून निवृत्त झालेले, आवाज अजून खणखणीत. त्यांनी पांढऱ्या सुताची गुंडी काढली, मूर्तीच्या आसनापासून धागा सुरू केला, मडक्याच्या गळ्याभोवती तीन वेढे दिले आणि मग गुंडी बसलेल्यांच्या हातातून पुढे पुढे सरकू लागली. कांताबाई, रत्नदीप, जागृती, मग पाहुणे. अठरा माणसं होती. शेवटच्या हातात धागा पोचला तो मागच्या खोलीच्या दाराशी बसलेल्या शोभाबाईंच्या. त्या बोलावल्याशिवाय आल्या होत्या. उरलेली गुंडी त्यांच्या मागे, खोलीत, फरशीवर पडली.

कांताबाईंनी मेणबत्ती लावली. मधुकररावांनी तसबिरीला हार घातला, थोडं बिचकत. "नमो तस्स" तीनदा म्हटलं गेलं, मग त्रिशरण, मग पंचशील. गुलाबराव एकेक शील सांगत आणि सगळे त्यांच्यामागून म्हणत. फुलं वाहून बुद्धपूजा झाली, त्रिरत्न वंदना झाली. मग त्यांनी घसा साफ केला.

"आता परित्राणपाठ. परित्राण म्हंजे रक्षण. पन आपन कोनाले घराबाहेर काढाले हे म्हनत नाई. आपन मैत्री देतो. दिसते त्याले बी, नाई दिसत त्याले बी. धागा सोडू नका."

महामंगल सुत्त सुरू झालं. कांताबाईंचा आवाज गुलाबरावांच्या आवाजाला धरून चालला होता. संतोष आणि कृतज्ञता हे मंगल आहे, असं सांगणारी ओळ आली तेव्हा त्यांनी डोळे मिटले.

रतन सुत्ताच्या मध्यावर जागृतीच्या तळव्याला गार लागलं. तिनं पाहिलं तर धागा भिजला होता. मडक्यापासून निघालेला ओलावा सुतातून सरकत सरकत तिच्या हातापर्यंत आला होता आणि तिच्याही पुढे चालला होता, माणसामागून माणसाच्या मुठीतून. तिनं मडक्याकडे पाहिलं. पाणी चार बोटं उतरलं होतं.

 पुढच्या कडव्याला सगळ्यांचे आवाज जरा चढले.

करणीयमेत्त सुत्त चालू असताना शोभाबाईंच्या मागे फरशीवर पडलेली गुंडी हलली. एकदा. मग धागा ताणला गेला, हळूच, शिवताना बाई धागा ओढते तसा. शोभाबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि धागा त्यांनी घट्ट धरून ठेवला होता. जागृतीला उमगलं, की त्या घाबरलेल्या नाहीत.

पाठ संपला. गुलाबरावांनी पिंपळाच्या डहाळीनं मडक्यातलं पाणी खोल्याखोल्यांतून शिंपडलं. मागच्या खोलीत शिंपडलेले थेंब फरशीवर पडल्याचा आवाज आला नाही. ते बाहेर आले तेव्हा कपाळावर घाम होता, पण चाल तीच होती.

"आता पुण्यानुमोदन," ते म्हणाले. "काही जागी हे गाळतात. मी गाळत नाई."

परात आणली गेली. परातीत काचेची वाटी ठेवली. घरच्या तिघांनी मिळून पाण्यानं भरलेला तांब्या धरला. गुलाबरावांनी समजावून सांगितलं, की आपण आज जे चांगलं केलं त्याचं पुण्य आपल्यापाशी साठवून ठेवायचं नाही. गेलेल्यांना, नातलगांना, ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना वाटून द्यायचं. पाणी ओतत राहायचं, वाटी भरून बाहेर वाहिली म्हणजे ते पोचलं असं समजायचं. त्यांनी गाथा सुरू केली. तिघांनी तांब्या कलता केला.

बारीक धार वाटीत पडू लागली. पाव झाली. अर्धी झाली.

अर्धीवर थांबली.

धार चालू होती, पण वाटी वर चढत नव्हती. तांब्या संपला. गुलाबराव गाथा पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागले. जागृतीनं दुसरा तांब्या भरून आणला. तोही संपला. वाटी अर्धीच. तिसरा.

"भोक असन खाली," रत्नदीप पुटपुटला. त्यानं वाटी उचलली. काच अखंड होती. परात कोरडी ठणठणीत होती. त्यानं वाटी फार जपून परत ठेवली, झोपलेलं मूल खाली ठेवावं तशी.

मागे दोघं-तिघं उठून उभे राहिले. कोणीतरी चपला शोधू लागलं. गुलाबरावांचा आवाज पहिल्यांदा अडखळला आणि गाथा अर्ध्यावर तुटली. त्या शांततेत मागच्या खोलीतून एक आवाज आला. घशाखाली पाणी उतरल्याचा. घोट. मग आणखी एक घोट.

"बसा," कांताबाई म्हणाल्या.

मोठ्यानं नाही म्हणाल्या. पण उभे राहिलेले खाली बसले.

"माझी माय," त्या वाटीकडे पाहत बोलू लागल्या, "विहिरीपाशी घागर घेऊन उभी राह्ये. आमाले पाण्याले हात लावू देत नव्हते. कोनाले दया आली तर वरून वतत. कोनी अर्धी घागर वते अन् चालाले लागे. अर्धी घागर घेऊन ती घरी ये, अन् तिचं तोंड कसं होये, ते मी पाह्यलं हाय." त्यांनी पदर खोचला. "या घरात बी लोकायनं तेच केलं. अर्धं दिलं अन् भेऊन पळाले. मी नाई पळत. गुलाबराव, तुमी म्हना. जागृती, पानी आन."

जागृतीनं बादली आणली. बादलीतून तांब्या, तांब्यातून वाटी. कांताबाई एकेका तांब्याला बोलत होत्या, आपल्या साध्या भाषेत.

"ज्यानं हे घर बांधलं, त्याचे उपकार. ज्या बायायनं डोक्यावर विटा वाह्यल्या, त्याइचे उपकार. ज्यायनं आमाले दार उघडलं, त्याइचे उपकार. आमच्या आंधी इथं जे राह्यलं, ज्याचं नाव मले ठाऊक नाई, तिले हे पानी. पे बाई. पोटभर पे."

त्या 'तिले' म्हणाल्या. का म्हणाल्या, ते त्यांनाही नंतर सांगता आलं नाही.

बादली संपली. दुसरी आली. आता रत्नदीपही उठला होता. तो विज्ञानाचा मास्तर स्वयंपाकघरापासून हॉलपर्यंत बादल्या आणत होता. पाहुण्यांनी रांग धरली आणि हातोहात पाणी येऊ लागलं. जागृती मनात आकडा धरून होती. वीस लिटर. पस्तीस. चाळीस. वाटी पाव लिटरची होती.

नळ फुसफुसला आणि बंद पडला. वरची टाकी संपली होती.

हातातला तांब्या रिकामा झाला. धार थांबली.

वाटीतलं पाणी खाली जाऊ लागलं.

तेव्हा शोभाबाई उठल्या. कोणाकडे न पाहता जिना उतरून गेल्या. जिन्यावर त्यांची पावलं वाजली आणि परत येताना जड वाजली. त्यांच्या कमरेवर त्यांच्या स्वतःच्या घरची पितळी घागर होती, पिण्याच्या पाण्याची. मागून मधुकरराव दुसरी घेऊन येत होते, धापा टाकत.

"मले वतू द्या," शोभाबाई म्हणाल्या.

कांताबाई सरकल्या. दोघींनी घागर धरली. एकीच्या हातावर उभ्या जन्माच्या खुरप्याचे घट्टे, दुसरीच्या हातात सोन्याच्या बांगड्या. शोभाबाई ओठातल्या ओठात काहीतरी म्हणत होत्या. जागृती सर्वांत जवळ होती, पण तिलाही तीनच शब्द ऐकू आले. "पानी द्याले उशीर."

गुलाबरावांनी गाथा उचलली. या वेळी अठराच्या अठरा जण म्हणू लागले. मधुकररावांना शब्द येत नव्हते, ते नुसते हात जोडून सुरात सूर मिसळत होते.

पाणी चढलं.

अर्ध्याच्या वर. पाऊण.

मागच्या खोलीतले घोट थांबले.

काठ.

पाणी काठाच्याही वर फुगलं, क्षणभर तसंच थरथरत राहिलं.

आणि वाहिलं. वाटीवरून परातीत, परातीवरून फरशीवर, फरशीवरून त्यांच्या पांढऱ्या कपड्यांच्या कडांना, गार, भरपूर. लोक उठले नाहीत. भिजत बसले.

"साधु!" गुलाबराव गरजले.

"साधु! साधु! साधु!"

खालच्या रस्त्यावरून जाणारी माणसं वर पाहू लागली, एवढा तो आवाज होता. कांताबाईंच्या चेहऱ्यावर मैदान मारून आलेल्या बाईचं हसू होतं. रत्नदीपनं आईच्या पायावर डोकं ठेवलं. जयमंगलाच्या गाथा झाल्या, सगळ्यांनी मिळून "भवतु सब्ब मंगलं" म्हटलं, गुलाबरावांनी धाग्याचे तुकडे करून प्रत्येकाच्या मनगटाला बांधले. खोलीत पडलेली गुंडी आणायला जागृती स्वतः गेली. गुंडी गॅलरीच्या दाराशी होती, नीट गुंडाळलेली. आधीपेक्षा नीट.

मग खीर झाली, वरण-भात झाला, वांग्याची भाजी झाली. मधुकरराव आणि शोभाबाई पंगतीत बसले. जागृतीनं मोजलेला आकडा अठ्ठावन्न लिटर होता. तो तिनं कोणाला सांगितला नाही. पण त्या दिवसापासून घरातली बादली जिथे भरून ठेवली तिथे भरलेलीच राहिली. शोभाबाईंना तिनं एकदा विचारलं, "काकू, तुम्ही काय म्हणत होतात तेव्हा?" शोभाबाईंनी तिच्या हातावर लिंबाच्या लोणच्याची बरणी ठेवली आणि म्हणाल्या, "बरं झालं तुमी आल्या." दुसरं काही त्या कधीच बोलल्या नाहीत. मधुकररावांनी मात्र फाटकावरच्या आपल्या पाटीखाली नवी पाटी लावून घेतली. 'वाहाणे' हे आडनाव तिच्यावर ठळक अक्षरात, रस्त्यावरून वाचता येईल असं. ज्यांनी भाच्यांना घरं दिली होती, त्यांच्यापैकी एकजण रोज त्याच रस्त्यानं जायचा. रत्नदीपला ती पाटी फार आवडायची.

जूनमध्ये कांताबाई पेरणीच्या दिवसांत रोहण्याला गेल्या. घर दिवसभर बंद राहू लागलं. एका संध्याकाळी जागृती भाजी घेऊन येत होती तेव्हा समोरच्या इमारतीतल्या कमलाबाईंनी तिला थांबवलं.

"पाव्हनी आली का तुमच्याकडे?"

"नाही. का?"

"मंग ते बाई कोन? दुपारी मागच्या गॅलरीत केस वाळवत बसते. लांब केस हायेत. सासूबाई नाई, जवान हाय. कोनाशी बोलत नाई, पन मले पाह्यलं का हासते. लय समाधानी दिसते बाई."

जागृतीच्या हातातली पिशवी जड झाली.  मग तिनं पाटीकडे पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, "आमच्या घरातल्याच आहेत त्या."

"असं का? मंग त्याइले सांगा ना एखादं फडकं घ्याले. दोन-दोन घंटे बसते, तरी केस टिपकतच राह्यतात."

दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघताना जागृतीनं कपाटातून एक कोरडा पंचा काढला आणि गॅलरीच्या दांडीवर टाकला.

संध्याकाळी पंचा चिंब ओला होता. दांडीवर नव्हता. तिच्या उशीपाशी ठेवलेला होता, चौपदरी घडी घालून, काठाला काठ जुळवून.